उभ्यानं घेतलेली बॅटन आणि पळत घेतलेली बॅटन

शाळांच्या तालुका स्पर्धा जवळ आल्या की गावागावांत पोरी पळायला लागतात. मंठा असो, परतूर असो, भोकरदन असो, सकाळी सडकेच्या कडेनं पोरी दिसतात. त्यातली शंभर मीटरची शर्यत आपल्याला कळते. शिट्टी वाजली, पळाली, जी पुढं ती पहिली. पण चार पोरींची ४ × १०० मीटर रिले असते ना, तिथं आपण आया-मावश्या कडेला उभ्या राहून हमखास एक चुकीचा सल्ला देतो. आम्ही हा सल्ला इतक्या मैदानांवर ऐकला आहे की आज फक्त त्याच्यावरच बोलायचं ठरवलं आहे.

सल्ला असा असतो : "अगं, नीट थांबून घे. घाई करू नको. हातात आली की मग पळ."

ऐकायला शहाणपणाचा वाटतो. बॅटन पडली तर सगळंच गेलं, मग थांबून घेतली तर काय बिघडलं? बिघडतं ते असं, की थांबून घेण्यात प्रत्येक वेळी साधारण एक सेकंद जातो. रिलेमध्ये बॅटन तीन वेळा हात बदलते. म्हणजे तीन सेकंद. आपल्या शाळेतल्या पोरी ज्या वेगानं पळतात त्या वेगात तीन सेकंद म्हणजे वीस मीटर. वीस मीटर मागं राहिलेली पोरगी कितीही जीव तोडून पळाली तरी पुढचीला गाठत नाही. तालुक्याहून जालन्याला जिल्हा पातळीवर जायचं की घरी यायचं, हे बहुतेक वेळा या तीन सेकंदांत ठरतं.

हा एक सेकंद कुठून येतो, ते आधी बघू.

कोणतीही पोरगी उभ्या जागेवरून निघाली की तिला वेग घ्यायला वेळ लागतो. बैलगाडी जागची हलवताना बैलांना जोर लागतो, मग चाकं फिरायला लागली की गाडी सहज जाते, तसंच. समजा आपल्या गावची नववीतली एक मुलगी आहे. शंभर मीटरला तिला साडेपंधरा ते सोळा सेकंद लागतात. ही काही फार वेगवान नाही, आपल्याकडच्या साध्या, रोज सराव करणाऱ्या पोरींतली आहे. ती उभ्यानं निघाली तर पहिले २० मीटर जायला तिला ४ सेकंद लागतात. पण तीच मुलगी शर्यतीच्या मध्यावर, वेगात असताना, तेवढेच २० मीटर ३ सेकंदांत जाते. पाय तेच, अंतर तेच, मैदान तेच. फरक एक सेकंदाचा. तो सेकंद वेग धरण्यात जातो.

आता तुम्हाला वाटेल, ही आपल्या पोरींची गोष्ट झाली, मोठ्या खेळाडूंना काय फरक पडतो? पडतो, आणि आपल्यापेक्षा जास्त पडतो. उसेन बोल्टनं २००९ साली बर्लिनला शंभर मीटर ९.५८ सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला. त्या धावण्याचं दर दहा मीटरचं मोजमाप झालेलं आहे. त्याचे पहिले २० मीटर २.८८ सेकंदांचे होते. पुढं ६० ते ८० मीटर हे तेवढंच अंतर तो १.६१ सेकंदांत गेला. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाचाही उभ्यानं निघण्यात सव्वा सेकंद गेला. हा सेकंद सगळ्यांनाच द्यावा लागतो. रिलेची सगळी गंमत अशी, की पहिली धावपटू सोडली तर बाकीच्या तिघींना तो घड्याळाच्या बाहेर देता येतो.

हे समजून घ्यायला पोरींकडं बघणं सोडा आणि बॅटनकडं बघा. घड्याळ पोरींची वेळ मोजत नाही, बॅटनची मोजतं. बॅटन सुरुवातीच्या रेषेवरून निघाली आणि शेवटच्या रेषेवर पोचली, एवढंच घड्याळाला कळतं. आता थांबून घेतली तर बॅटनचं काय होतं? पहिली पोरगी वेगात येते, पुढची खांबासारखी उभी आहे. तिच्या अंगावर आदळू नये म्हणून पहिलीला पाय रोवून वेग कमी करावा लागतो. बॅटन जवळजवळ जागेवर थांबते. मग दुसरी ती घेते आणि शून्यातून पुन्हा वेग धरते. म्हणजे शंभर मीटर पळून मिळवलेला सगळा वेग आपण मातीत घातला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पळत घेतली तर? पुढची पोरगी बॅटन यायच्या आधीच निघते. तिचे ते सुरुवातीचे, जड, हळू वीस मीटर ती मोकळ्या हातानं पळते. त्या वेळेत बॅटन मागच्या पोरीच्या हातात पूर्ण वेगानं येतच असते. दोघींचा वेग जुळला की बॅटन इकडून तिकडं जाते आणि तिला कळतसुद्धा नाही की हात बदलला. पीठ मळून होईपर्यंत दुसरीनं तवा तापवून ठेवावा, तसं हे आहे. तवा तापायला लागायचा तेवढा वेळ लागलाच, पण आपलं काम त्याच्यासाठी खोळंबलं नाही.

याचा पुरावा हवा असेल तर एक साधा हिशेब करा. बायकांचा शंभर मीटरचा जागतिक विक्रम १०.४९ सेकंद आहे, फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर हिनं १९८८ मध्ये केलेला. तिच्यासारख्या चौघी एकामागून एक उभ्यानं निघाल्या असं धरलं तर चार वेळा १०.४९, म्हणजे ४१.९६ सेकंद होतात. पण अमेरिकेच्या चार मुलींनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रिले ४०.८२ सेकंदांत संपवली. त्या चौघींपैकी एकीनंही एकटीनं कधी १०.४९ पळून दाखवलेलं नाही. तरी बेरजेपेक्षा एक सेकंदाहून जास्त कमी वेळ लागला. तीन वेळा बॅटन पळत घेतली म्हणूनच हे जमलं.

हे पळत घेणं कुठंही चालत नाही. त्यासाठी मैदानावर फक्की मारून ३० मीटरचा एक पट्टा आखलेला असतो. सर लोक त्याला झोन म्हणतात, आपणही झोनच म्हणू. शंभर मीटरची रेषा असते तिच्या मागं २० मीटर आणि पुढं १० मीटर, असा हा झोन. पुढची पोरगी झोनच्या आत उभी राहते, तिथूनच निघते, आणि बॅटन झोनच्या आतच हातात यायला हवी. इथं पोरीचा पाय कुठं आहे हे पंच बघत नाहीत, बॅटन कुठं आहे ते बघतात. बॅटन झोन ओलांडून गेल्यावर हातात आली तर संघ बाद.

काही जुन्या शिक्षकांच्या बोलण्यात २० मीटरचा झोन येतो, म्हणून एवढं सांगून ठेवतो. पूर्वी झोन २० मीटरचाच होता आणि निघायलाही तेवढीच जागा होती. १९६० च्या दशकात मागं १० मीटर जास्तीची जागा दिली गेली, पण त्यात फक्त पळायला निघायचं, बॅटन घ्यायची नाही. २०१८-१९ च्या नियमपुस्तकापासून दोन्ही मिळून ३० मीटरचा एकच झोन झाला. नियम बदलणाऱ्यांनीही दर वेळी वेग धरायला जागा वाढवूनच दिली, हे लक्षात घ्या. भारतीय मुलींनी १९५४ साली मनिलाच्या आशियाई स्पर्धेत ४ × १०० मीटर रिलेचं सुवर्णपदक जिंकलं, त्या संघात आपल्या मुंबईच्या वांद्र्याची मेरी डिसूझा होती, शिवाय स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि ख्रिस्टीन ब्राऊन. त्यांना हे सगळं वीस मीटरच्या जागेत उरकावं लागलं होतं. आजच्या आपल्या पोरींना तीस मीटर मिळतात आणि त्यातले वीस त्या उभं राहून वाया घालवतात.

आता खरा प्रश्न. पुढच्या पोरीनं निघायचं कधी? लवकर निघाली तर मागची तिला गाठू शकत नाही. उशिरा निघाली तर मागची येऊन धडकते. "अंदाजानं निघ" असं सांगून हे जमत नाही. अंदाज रोज वेगळा येतो, शर्यतीच्या दिवशी छाती धडधडत असताना तर येतच नाही. म्हणून जमिनीवर एक खूण करायची असते. मागची पोरगी त्या खुणेवर आली की पुढचीनं निघायचं. डोळे खुणेवर, पोरीच्या चेहऱ्यावर नाही. ही खूण किती अंतरावर करायची, ते काढणं अवघड नाही. गवंड्याची टेप आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढं पुरतं. आपण दोघींना नावं देऊ : बॅटन घेऊन येते ती आणणारी, घेऊन जाते ती नेणारी.

आधी आणणारीला पूर्ण शंभर मीटर पळवा आणि तिचे शेवटचे २० मीटर मोजा. शेवटचेच मोजायचे, कारण झोनजवळ येताना ती दमलेली असते आणि तो दमलेला वेगच आपल्याला हवा आहे. समजा ३ सेकंद भरले. मग नेणारीला रेषेवर उभी करा, टाळी वाजवा, टाळीबरोबर घड्याळ सुरू करा आणि ती उभ्यानं निघून २० मीटर किती वेळात जाते ते बघा. समजा ४ सेकंद भरले. दोन्ही गोष्टी तीन-तीन वेळा मोजा आणि मधली वेळ धरा, कारण मोबाइलचं बटण दाबताना आपला हात थोडा मागं-पुढं होतोच.

आता हिशेब. नेणारी झोनच्या सुरुवातीला उभी आहे आणि २० मीटरवर बॅटन घ्यायची आहे असं धरू. तिला तिथं पोचायला ४ सेकंद लागणार. त्या ४ सेकंदांत आणणारी किती पळेल? ३ सेकंदांत २० मीटर, तर ४ सेकंदांत साधारण २७ मीटर. पण आणणारीला नेणारीच्या अंगापर्यंत यायचं नाही. एकीचा हात पुढं, दुसरीचा हात मागं, दोन्ही हात लांब केले की मध्ये मीटरभर अंतर राहतं. म्हणजे बॅटन देताना आणणारी १९ मीटरवर असेल. सत्तावीसातून एकोणीस गेले, राहिले आठ. नेणारी जिथं उभी आहे तिथून ८ मीटर मागं खूण करायची. आणणारी त्या खुणेवर आली की नेणारीनं निघायचं.

स्पर्धेच्या ठिकाणी टेप घेऊन फिरता येईलच असं नाही. म्हणून हे अंतर पावलांत बसवून ठेवतात. टाचेला पंजा लावत एकामागं एक पावलं टाकायची. मुलीचं पाऊल २४ सेंटिमीटरचं असेल तर ८ मीटरला ३३ पावलं होतात. ही पावलं ज्या पायांनी सरावात मोजली त्याच पायांनी स्पर्धेत मोजायची. सरावात अनवाणी मोजली आणि स्पर्धेत बूट घालून मोजली तर तेहतीस पावलांत मीटरभर फरक पडतो, आणि मीटरभर फरक म्हणजे सगळा हिशेब गेला.

हिशेबानं आलेली खूण ही पहिली खूण. शेवटची खूण सरावातून येते. दोघींना पूर्ण वेगात पळवून बघा. आणणारी फार लवकर येऊन भिडत असेल, नेणारीच्या टाचेवर तिचा पाय पडत असेल, तर नेणारी उशिरा निघते आहे. खूण दोन पावलं आणखी मागं न्या, म्हणजे ती जरा आधी निघेल. उलट, आणणारी हात लांब करून करून थकली आणि बॅटन पोचत नसेल, तर नेणारी लवकर निघते आहे. खूण दोन पावलं जवळ आणा.

इथं आमचं एक ठाम म्हणणं आहे. खूण बदला, पण नेणारीला "जरा हळू निघ" असं कधी सांगू नका. हा सल्ला "थांबून घे" याचाच धाकटा भाऊ आहे. एकदा हळू निघायची सवय लागली की ती रोज वेगळ्या वेगानं निघते आणि मग कोणतीच खूण जुळत नाही. नेणारीनं दर वेळी जीव लावूनच निघायचं. जुळवायचं ते जमिनीवरच्या रेषेनं.

एक मुलगी आम्हाला म्हणाली होती, "मावशी, मागं न बघता पळायचं तर मला भीती वाटते. ती आलीच नाही तर?" प्रश्न बरोबर आहे. चालती एसटी पकडणारा माणूस बघा (पकडू नये, पण पकडतात). तो आधी गाडीच्या बाजूनं चार पावलं पळतो, गाडीइतका वेग झाला की दांडा धरतो. उभा राहून दांडा धरला तर हात निखळतो. इथंही तसंच आहे. नेणारी वेग घेत असते, आणणारीचा वेग दमून जरा उतरत असतो. मध्ये काही पावलं अशी येतात की दोघींचा वेग अगदी सारखा असतो, दोघींमधलं अंतर ना वाढतं ना कमी होतं. बॅटन तेव्हाच द्यायची. त्या क्षणी दोघी एकमेकींच्या दृष्टीनं जणू उभ्याच असतात, म्हणून देणं सोपं जातं. थांबून घेताना उलट होतं, एक वेगात आणि एक उभी, म्हणून धडक बसते आणि बॅटन सुटते. थांबून घेणं सुरक्षित वाटतं, पण तसं ते नाही.

पण ही पावलं निघून गेली की काम बिघडतं. नेणारी ताजी असते, ती आता दमलेल्या आणणारीपेक्षा जोरात पळायला लागते आणि अंतर वाढतच जातं. मग कितीही ओरडा, बॅटन पोचत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मुलींचं हेच झालं. मेरियन जोन्स बॅटन घेऊन येत होती, लॉरिन विल्यम्स पुढं निघाली होती. जोन्स त्याच संध्याकाळी लांब उडीतही उतरली होती. विल्यम्स लवकर निघाली, जोन्स तिला गाठू शकली नाही, बॅटन हातात आली तेव्हा झोन संपला होता. जगातल्या अतिशय वेगवान मुली, आणि संघ बाद. सुवर्णपदक जमैकाला गेलं. आपल्या पोरींच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवा. आणणारीनं त्याच दिवशी आधी शंभर, दोनशे किंवा लांब उडी केली असेल तर ती सरावातल्या वेगानं येणार नाही. अशा दिवशी खूण दोन-तीन पावलं जवळ आणायची. बॅटन जरा आधी, जरा कमी वेगात मिळेल, थोडा वेळ जाईल, पण ती झोनच्या आत मिळेल.

मागं न बघण्याचं म्हणाल तर त्याची सवय आवाजानं होते. आणणारी हाताच्या अंतरात आली की "घे" म्हणून ओरडते. ते ऐकूनच नेणारीनं हात मागं न्यायचा, सरळ आणि स्थिर धरायचा. आधीपासून हात मागं धरून पळाली तर वेग मरतो, कारण हात न हलवता कुणालाच जोरात पळता येत नाही. हात स्थिर धरणं नेणारीचं काम, बॅटन हातात नीट ठेवणं आणणारीचं. दोघींनी शोधाशोध करायची नाही. पहिलीनं उजव्या हातात, दुसरीनं डाव्या, तिसरीनं उजव्या, चौथीनं डाव्या, असं ठरवलं की मध्येच हात बदलावा लागत नाही. हे आधी चालत, मग हळू पळत, मग पूर्ण वेगात करून बघायचं. आमच्या मते पहिले आठ दिवस चौघींना मागं-पुढं उभं करून जागच्या जागी हात हलवत बॅटन द्यायला लावावी. पोरी कंटाळतात, हसतात, पण "घे" या शब्दाला हात आपोआप मागं जायला लागतो.

बॅटन विकत आणायलाच हवी असं नाही. नियमातली बॅटन पोकळ नळी असते, २८ ते ३० सेंटिमीटर लांब, ५० ग्रॅमपेक्षा हलकी नाही, जाडी चार सेंटिमीटरच्या आसपास. शेतात ४० मिलिमीटरचा पाइप पडलेला असतो, त्याचा तीस सेंटिमीटरचा तुकडा कापून कडा घासून घेतल्या की सरावाला चालते. वजन मात्र किराणा दुकानातल्या काट्यावर बघून घ्या.

सराव सुधारतो आहे की नाही, हे कसं ओळखायचं? पोरींना विचारू नका, त्या "छान झालं" म्हणतात. झोनच्या सुरुवातीला एक बाई आणि शेवटाला एक बाई उभी करा. बॅटन पहिल्या रेषेवरून आत आली की पहिलीनं हात खाली टाकायचा, तिसरी घड्याळ सुरू करेल. बॅटन दुसऱ्या रेषेबाहेर गेली की घड्याळ बंद. नजर बॅटनवर ठेवायची, पोरींवर नाही. आपल्या हिशेबातली आणणारी २० मीटर ३ सेकंदांत जाते, म्हणजे ३० मीटरला तिला एकटीलाच साडेचार सेकंद लागले असते. बॅटन दिली-घेतली तरी साडेचारच्या आसपासच भरले, तर अदलाबदल उत्तम झाली, बॅटनला काही कळलंच नाही. पाच भरले तर खूण तपासा. साडेपाच किंवा जास्त भरले तर नेणारी उभीच आहे असं समजा, कॅमेरा लावायचीसुद्धा गरज नाही.

दुसरी कसोटी पूर्ण शर्यतीची. चौघींच्या एकट्या पळण्याच्या शंभर मीटरच्या वेळा मिळवा. चौघी पावणेसोळाच्या असतील तर बेरीज ६३ होते. रिलेची वेळ त्यापेक्षा दोन ते तीन सेकंद कमी यायला हवी, म्हणजे साठ-एकसष्टच्या आसपास. बेरजेइतकीच किंवा जास्त येत असेल तर पोरी कमी पळत नाहीत, झोनमध्ये काहीतरी अडतं आहे. अशा संघाला आणखी फेऱ्या मारायला लावून उपयोग नाही. आम्ही असे संघ बघितले आहेत, ज्यांची एकही पोरगी शंभर मीटरच्या अंतिम फेरीत नव्हती, पण रिलेत त्या पुढं राहिल्या, कारण समोरच्या वेगवान पोरी तिन्ही वेळा उभ्या राहिल्या.

आपल्याकडच्या मैदानाच्या दोन अडचणी आहेत. पहिली माती. आपली काळी जमीन ओली झाली की पाय घसरतो आणि नेणारीचा सुरुवातीचा वेग कमी होतो. आणणारी मात्र वेगातच येते, तिचा वेग तेवढा कमी होत नाही. मग कोरड्या दिवशीची खूण धरली तर धडक बसते. ओल असेल तर खूण दोन-तीन पावलं मागं न्यावी, म्हणजे नेणारीला वेग घ्यायला जरा जास्त वेळ मिळेल. मुरमाच्या मैदानावर सराव आणि गवताच्या मैदानावर स्पर्धा असेल तरी हेच, तिथं गेल्यावर एकदा तरी पूर्ण वेगात करून बघा. दुसरी अडचण खुणेची. कृत्रिम ट्रॅकवर आपल्या लेनमध्ये चिकटपट्टीची एकच खूण लावता येते, ५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब, त्याहून मोठी नाही, आणि फक्की किंवा खडू तिथं चालत नाही. मातीच्या मैदानावर पायानं रेघ ओढता येते. रेघ ओढल्यावर शेजारच्या लेनच्या रेघेशी घोटाळा होऊ नये म्हणून आपल्या पोरीला ती दोनदा दाखवून घ्या.

बॅटन पडलीच, तर काय? जिच्या हातून पडली तिनंच उचलायची. त्यासाठी लेन सोडावी लागली तरी चालते, पण दुसऱ्या कुणाच्या वाटेत यायचं नाही आणि अंतर कमी करून पुढं शिरायचं नाही. बऱ्याच पोरी घाबरून दुसरीनंच उचलून पळतात आणि तिथं संघ बाद होतो. हे आधी सांगून ठेवा.

आणि एक. ही सगळी खूण-पावलांची गोष्ट ४ × १०० मीटरची. ४ × ४०० मीटरच्या रिलेत आणणारी चारशे मीटर पळून पार गळालेली असते, शेवटी तिचा वेग कधी किती उतरेल ते सांगता येत नाही. तिथं नेणारीनं मागं बघतच निघायचं, हलक्या वेगात, आणि बॅटन डोळ्यांनी बघून हातातून काढून घ्यायची. दोन्ही रिलेत असणाऱ्या पोरीला हा फरक स्पर्धेच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा विचारून घ्या : उद्या कोणत्या शर्यतीत मागं बघायचं आणि कोणत्या शर्यतीत नाही.